व्यवसायाच्या वेबसाइटची पहिली आवृत्ती: काय घ्यायचं, काय थांबवायचं आणि थांबवलेलं कधी उचलायचं

समजा, पाण्याचे पंप विकणारी आणि त्यांची दुरुस्तीही करणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. जुनी वेबसाइट आहे, पण तिच्याकडे बरीच वर्षं कुणी पाहिलेलं नाही. नवी करायचं ठरतं, बैठक बसते आणि तासाभरात यादी तयार होते: सगळ्या १४० मॉडेल्सचा कॅटलॉग, फिल्टर, मॉडेल्सची तुलना, कोटेशनचा फॉर्म, दुरुस्तीसाठी ऑनलाइन वेळ ठरवणं, सुट्या भागांची विक्री, ऑनलाइन पेमेंट, ग्राहकांचं लॉगिन, डीलरसाठी वेगळा विभाग, वॉरंटीची नोंदणी, चॅट, दोन भाषा आणि मुख्य पानावर सरकणारी चित्रं.

यातली एकही मागणी वेडगळ नाही, आणि छाटणी अवघड जाते ती त्यामुळेच. 'यातलं महत्त्वाचं काय?' असं विचारलं की विक्री विभाग फिल्टर म्हणतो, सेवा विभाग वेळ ठरवण्याची सोय म्हणतो, हिशेब विभागाला पेमेंट हवं असतं. शेवटी सगळंच महत्त्वाचं ठरतं आणि साइट सहा महिने लांबते. त्यामुळे हा प्रश्न सोडून दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केलेली बरी.

आधी एक वाट निवडा

महिनाभरात कंपनीकडे आलेले फोन आणि मेल घेऊन बसा. वेगळी नोंद ठेवलेली नसेल तर फोन घेणाऱ्या माणसाला दोन आठवडे साध्या वहीत खुणा करायला सांगा, तेवढंही पुरतं. आपल्या पंपवाल्या कंपनीत अशा ६० चौकशा निघाल्या असं धरू. त्यातल्या ३४ 'हे मॉडेल चालेल का, आणि कितीला?' अशा होत्या, १५ दुरुस्तीच्या, ७ सुट्या भागांच्या आणि ४ किरकोळ. म्हणजे पहिल्या आवृत्तीची वाट ठरली: माणसाला पंप शोधायचा आहे आणि त्याचं कोटेशन हवं आहे.

आता ही वाट एका कागदावर शेवटपर्यंत लिहायची. माणूस मॉडेल नंबर शोधत येतो, त्या मॉडेलच्या पानावर उतरतो, हेड किती मीटर, डिस्चार्ज मिनिटाला किती लिटर, सिंगल फेज की थ्री फेज हे बघतो, फॉर्म भरतो. बहुतेक जण इथेच पेन खाली ठेवतात. खरं तर अर्धी वाट अजून बाकी असते. फॉर्म कुणाच्या हातात पडतो? तो रजेवर असेल तर? उत्तर किती तासांत जायला हवं? कोटेशन दिल्याची नोंद कुठे होते? या प्रश्नांना माणसांची नावं आणि तास असं ठोस उत्तर मिळालं नाही, तर साइट कितीही देखणी झाली तरी चौकशा इनबॉक्समध्ये पडून राहतील.

या कागदातून एक गोष्ट हमखास बाहेर येते. कोटेशन देणारा माणूस ग्राहकाला फोन करून नेहमी तेच दोन-तीन प्रश्न विचारत असतो: पाणी किती उंचीवर चढवायचं आहे, स्रोत विहीर आहे की टाकी, वीज कोणती. मग फॉर्ममध्ये हेच विचारायचं. नाव, फोन आणि 'संदेश' एवढाच फॉर्म ठेवला तर तो भरला खूप जातो, पण प्रत्येक वेळी पुन्हा फोन करावा लागतो. आणि बारा रकाने ठेवले तर माणूस मध्येच सोडून जातो. उत्तर देण्यासाठी जेवढं लागतं तेवढंच ठेवा.

जुनी साइट असेल तर आधी तिच्याकडे बघा

नव्या साइटच्या यादीत काय घ्यायचं यावर खूप चर्चा होते. जुनीतलं काय जाणार आहे हे क्वचितच कुणी विचारतं. जुन्या साइटची आकडेवारी, किंवा ती नसेल तर सर्व्हरच्या नोंदी, उघडून सर्वाधिक उघडली गेलेली तीस पानं काढा. पंपवाल्यांच्या बाबतीत अशा यादीच्या वरच्या टोकाला जुन्या मॉडेल्सच्या माहितीपुस्तिकांच्या पीडीएफ निघू शकतात. दुरुस्ती करणारे कारागीर त्या मोबाइलवर उघडून वायरिंगचं चित्र बघत असतात. बैठकीत ही गोष्ट कुणाच्याच तोंडी आली नव्हती, कारण ती मागणी नव्हती. ती आधीपासून चालू होती. अशी गोष्ट पहिल्या आवृत्तीत असलीच पाहिजे. त्या पीडीएफ होत्या त्याच पत्त्यावर ठेवायच्या असल्यामुळे तिला कामही जवळजवळ लागत नाही.

प्रत्येक मागणीला तीन प्रश्न

आता मूळ यादी घ्या आणि एकेका मागणीला हे विचारा. ही नसेल तर निवडलेली वाट तुटते का? तुटत नसेल किंवा थोडीच अडखळत असेल, तर सध्या हे काम माणूस हाताने करू शकतो का? आणि नंतर जोडायचं ठरलं तर आज घेतलेला कोणता निर्णय महागात पडेल? पहिले दोन प्रश्न बऱ्याच जणांना सुचतात. खरा फरक तिसऱ्या प्रश्नाने पडतो, म्हणून उदाहरणं घेऊन बघू.

फिल्टरपासून सुरू करू. पहिल्या आवृत्तीत २० मॉडेल्स असतील तर ती एका पानावर मावतात. फिल्टरशिवाय वाट तुटत नाही. पण त्या २० मॉडेल्सची माहिती कशी साठवली आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. हेड, डिस्चार्ज, फेज हे सगळं एका परिच्छेदात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चित्रातल्या तक्त्यात टाकलं असेल, तर फिल्टर करायच्या दिवशी प्रत्येक मॉडेल पुन्हा हाताने भरावं लागेल. तेच पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या रकान्यांत, आकडा वेगळा आणि एकक वेगळं असं ठेवलं, तर फिल्टर आणि तुलना ही दोन्ही कामं नंतर थोडक्यात होतात. म्हणून फिल्टर नंतर, पण माहितीची मांडणी आत्ताच.

दोन भाषांचंही तसंच आहे. मजकुराचं भाषांतर थांबू शकतं. पण पानांचे पत्ते आज भाषेचा विचार न करता ठरवले आणि नंतर सगळेच बदलावे लागले, तर शोधयंत्रांना आणि लोकांनी जपून ठेवलेल्या दुव्यांना धक्का बसतो. पहिली भाषा `/pumps/` खाली ठेवायची आणि दुसरी नंतर `/en/pumps/` खाली आणायची, एवढं आज लिहून ठेवलं तरी पुरे. दुसऱ्या भाषेचं अर्धवट पान मात्र पहिल्या आवृत्तीत नको. मेनू एका भाषेत आणि मजकूर दुसऱ्या भाषेत अशी साइट बघितली की कुणाचाही विश्वास उडतो.

दुरुस्तीसाठी वेळ ठरवायच्या सोयीला कॅलेंडर, कारागिरांच्या पाळ्या, रद्द करण्याचे नियम असं बरंच काही लागतं. सध्या त्याच कोटेशनच्या फॉर्मवर 'खरेदी की दुरुस्ती?' एवढा एक प्रश्न वाढवायचा, आणि दुरुस्ती निवडली तर पंपाचा अनुक्रमांक विचारायचा. वेळ सेवा विभाग फोनवर ठरवेल, आजही तो तेच करतो. सहा आठवडे हाताने काम केल्यावर दुपारच्या वेळा कुणी मागतच नाही की सगळे सकाळच मागतात हे समोर येतं, आणि कॅलेंडर करताना ते उपयोगी पडतं.

पेमेंट कोटेशनसोबत दुवा पाठवून घेता येतं. फक्त पेमेंट सेवेकडचा अर्ज आणि पडताळणी यांना वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या हातात नसतो. म्हणून सोय नंतरची असली तरी अर्ज आजच टाकावा.

लॉगिनबद्दल माझं मत थोडं कडक आहे. वर्षातून एक-दोनदा पंप घेणाऱ्या ग्राहकाला आणखी एक पासवर्ड नको असतो. लॉगिन आलं की पासवर्ड विसरणं, खात्यांची सुरक्षा, वैयक्तिक माहिती सांभाळण्याची जबाबदारी असा सगळा लवाजमा मागून येतो. ते थांबवलं तर निवडलेल्या वाटेचं काहीही अडत नाही. सरकत्या चित्रांचं तर त्याहून सोपं: ती पान जड करतात आणि कोटेशनपर्यंत पोचायला कुणाला मदत करत नाहीत.

थांबवलेल्या गोष्टींसाठी मेनूत 'लवकरच येत आहे' अशी पानं ठेवू नका. जे नाही ते दिसूच नये.

जे दिसत नाही, पण थांबवता येत नाही

मालकाला दाखवण्यासारखं यात काही नसल्यामुळे ही कामं शेवटच्या दिवसावर ढकलली जातात. डोमेन कंपनीच्या स्वतःच्या खात्यावर आणि कंपनीच्याच मेल पत्त्यावर नोंदलेलं हवं, साइट बनवणाऱ्याच्या खात्यावर नको. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर न थांबता तो एकदा परत चढवून बघायला हवा. बाकी तीन गोष्टी जरा सविस्तर.

पहिली, जुने पत्ते. सर्वाधिक उघडलेल्या त्या तीस पानांचा तक्ता करा आणि प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याचा नवा जोडीदार लिहा:

```
/product.php?id=47   ->  /pumps/pb-50/     301
/service.html        ->  /repair/          301
/manuals/pb50.pdf    ->  (तोच पत्ता, बदल नाही)
```

301 म्हणजे कायमचं स्थलांतर. सगळे जुने पत्ते एकगठ्ठा मुख्य पानाकडे वळवण्याचा सोपा मार्ग बरेच जण घेतात. मग शोधातून आलेला माणूस भलत्याच पानावर उतरतो, आणि गूगलही असं वळवणं अनेकदा 'पान सापडलं नाही' याच्याच हिशेबात धरतो.

दुसरी, फॉर्मचा मेल. इथे गोष्टी गुपचूप बिघडतात. बऱ्याच फॉर्ममध्ये मेल पाठवणारा म्हणून ग्राहकाचाच पत्ता टाकलेला असतो, म्हणजे विक्री विभागाने 'उत्तर द्या' दाबलं की उत्तर थेट ग्राहकाला जावं. पण मेल प्रत्यक्षात निघतो आपल्या साइटच्या सर्व्हरवरून. ग्राहकाच्या मेल सेवेच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे तिच्या एसपीएफ नोंदीत लिहिलेलं असतं आणि त्यात आपला सर्व्हर नसतो. अशा मेलचं काय करायचं हे तिची डीमार्क नोंद सांगते, त्यामुळे तो मेल स्पॅममध्ये पडतो किंवा नाकारला जातो. ग्राहकाला 'धन्यवाद' दिसतं, कंपनीला काहीच मिळत नाही, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. योग्य मांडणी अशी:

```
From: website@example.com
Reply-To: customer@example.net
```

पहिला पत्ता आपल्याच डोमेनचा, आणि त्या डोमेनची एसपीएफ नोंद व मेलवरची डोमेनची सही तपासू देणारी डीकेआयएम नोंद बरोबर लावलेली. शिवाय प्रत्येक चौकशी आधी डेटाबेसमध्ये साठवायची, मगच मेल पाठवायचा. पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी साठवलेल्या चौकशा आणि आलेले मेल यांचे आकडे जुळवून बघा. फरक दिसला तर बिघाड कुठे आहे हे लगेच कळतं, आणि एकही चौकशी हरवत नाही.

तिसरी गोष्ट मोजमाप. फॉर्म पाठवला, मोबाइलवर फोन नंबर दाबला, पीडीएफ उघडली या तीन घटना पहिल्या दिवसापासून मोजायच्या. पुढचे टप्पे याच आकड्यांवर ठरणार आहेत, आणि न मोजलेला महिना नंतर परत आणता येत नाही. आपल्याच कर्मचाऱ्यांच्या भेटी मात्र वगळा. सुरुवातीच्या दिवसांत साइटवर सर्वांत जास्त वावर त्यांचाच असतो.

मजकुराचा खरा वेळ काढा

साइट लांबते ती बहुतेक वेळा प्रोग्रामिंगमुळे नाही, मजकुरामुळे. हा वेळ अंदाजाने सांगू नका, एक पान करून मोजा. त्यासाठी सोपं मॉडेल घेऊ नका. ज्याचं नाव लांबलचक आहे, ज्याचा फोटो धड नाही आणि ज्याचा एक आकडा कुणालाच खात्रीने माहीत नाही, असं मॉडेल घ्या. मांडणीतले दोष त्यातच दिसतात: नाव दोन ओळींत गेलं की बटण खाली सरकतं, आकडा नसेल तर रकाना रिकामाच लोंबकळतो.

अशा एका पानाला माहिती जमवणं, तपासणं आणि भरणं मिळून ४० मिनिटं लागली असं समजा. १४० मॉडेल्सना ९३ तासांहून जास्त लागतील. म्हणजे एका माणसाचे जवळजवळ अडीच आठवडे, तेही दुसरं काहीच न करता. २० मॉडेल्सना साडेतेरा तासांच्या आतबाहेर. ते २० कोणते हे त्या ३४ चौकशांनी सांगितलेलंच असतं. उरलेल्या मॉडेल्ससाठी एकच पान ठेवायचं: मॉडेल नंबरांची यादी आणि त्याच फॉर्मचा दुवा. मॉडेल नंबर शोधत आलेला माणूस निदान योग्य दारात पोचतो.

मावतंय का ते बघा

आता 'हवंच' असं ठरलेल्या कामांचे दिवस जोडा. प्रकल्प चालवण्याच्या डीएसडीएम या पद्धतीत एक नियम आहे, आणि तो मला आजवर पाहिलेल्या नियमांत सर्वांत उपयोगी वाटतो: 'हवंच' या गटाने एकूण मेहनतीचा ६० टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये. उरलेल्या जागेत 'असलं तर बरं' अशी कामं बसतात, आणि वेळ घसरला की तीच आधी गळतात. तारीख मग हलवावी लागत नाही.

आपल्या उदाहरणात हातात कामाचे ३० दिवस आहेत. म्हणजे 'हवंच' १८ दिवसांत बसायला हवं. पहिली बेरीज २५ आली. दुरुस्तीचं कॅलेंडर ५ दिवसांचं होतं, त्याच्या जागी फॉर्मवरचा एक प्रश्न आला आणि तो अर्ध्या दिवसात झाला. सरकत्या चित्रांचे २ दिवस गेले. उरले साडेअठरा. अर्ध्या दिवसासाठी भांडण्यात अर्थ नाही. पण बेरीज २५ वरून हलतच नसेल, तर निवडलेली वाट एक नसून दोन आहेत असं समजावं आणि कागदाकडे परत जावं.

साइट बनवणारे बाहेरचे असतील तर करारात पहिल्या टप्प्यातली पानं, फॉर्म आणि जुन्या पत्त्यांचा तक्ता नावानिशी लिहा. दुसऱ्या टप्प्याची किंमत आणि कामाचं वर्णन मात्र आज ठरवू नका. आज त्याबद्दल जे लिहाल ते अंदाजाने लिहाल, आणि पुढे दोन्ही बाजू त्या अंदाजाला धरून बसतील.

सुरू करायचा दिवस

आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस निवडा, म्हणजे बिघाड झाला तर माणसं जागेवर असतात. सर्व्हर बदलत असेल तर डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. बदल लवकर पसरतो आणि चूक झाली तर तितक्याच लवकर मागे घेता येतो. चाचणीच्या साइटवर शोधयंत्रांना रोखण्यासाठी लावलेला `noindex` किंवा `robots.txt` मधली `Disallow: /` ही ओळ खऱ्या साइटवर राहिली नाही ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ही चूक आठवडेच्या आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण साइट उघडणाऱ्याला सगळं नीटच दिसतं. मग कार्यालयाबाहेरच्या फोनवरून, बाहेरच्या मेल पत्त्याने खरा फॉर्म भरा आणि कोटेशन हातात पडेपर्यंत थांबा. निवडलेली वाट त्या टोकापर्यंत चालली तरच पहिली आवृत्ती सुरू झाली म्हणायची.

पहिले दोन आठवडे नवीन काहीही जोडू नका, फक्त दुरुस्त्या करा.

थांबवलेल्या गोष्टींना तारीख नको, खूण द्या

'दुसरा टप्पा तीन महिन्यांनी' असं लिहिलं की तीन महिन्यांनी तीच बैठक तशीच पुन्हा होते. त्याऐवजी थांबवलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर तीन गोष्टी लिहा: सध्या ते हाताने कसं चाललंय, कोणती खूण दिसली की ते करायला घ्यायचं, आणि ती खूण कोण बघणार.

दुरुस्तीच्या कॅलेंडरसमोर असं येईल: सध्या सेवा विभाग फोनवर वेळ ठरवतो, सलग चार आठवडे आठवड्याला दहाहून जास्त मागण्या आल्या आणि एक वेळ ठरवायला दोनहून जास्त फोन लागू लागले की घ्यायचं, बघणार सेवाप्रमुख. दोन अटी मुद्दाम आहेत. मागण्या वाढल्या पण एका फोनमध्ये वेळ ठरत असेल, तर कॅलेंडरची गरज नाही. फिल्टरची खूण म्हणजे साइटवरची मॉडेल्स ४० च्या पुढे जाणं. पेमेंटची खूण, महिन्याला पाठवलेले दुवे इतके वाढणं की त्यांची जुळवाजुळव करण्यात हिशेब विभागाचा रोज तास जातो. हे आकडे तुमच्या कामाप्रमाणे बदलतील. फक्त ते आजच, कुणी दुसऱ्या टप्प्याच्या प्रेमात पडायच्या आधी लिहा.

फोन घेणाऱ्याची वही चालूच ठेवा. साइटवर उत्तर असूनही लोक तोच प्रश्न फोनवर विचारत असतील तर ते उत्तर पानावर नीट दिसत नाही. त्यासाठी नवी सोय नको, पान सुधारा. साइटवर उत्तरच नसलेला एखादा प्रश्न आठवड्यात पाच-सहा वेळा आला, तर पहिली आवृत्ती त्या जागी खरोखरच अपुरी राहिली आहे, आणि तो प्रश्न खुणेची वाट न बघता वर घ्यावा. उलट, महिन्यात कुणी न उघडलेलं पान पहिल्या आवृत्तीत आलंच कसं, हेही विचारायला हरकत नाही.

एका वेळी एकच गोष्ट जोडा, निदान एकाच पानावर तरी. फॉर्ममध्ये नवे प्रश्न आणि त्याच आठवड्यात चॅट असं दोन्ही आलं आणि चौकशा घटल्या, तर दोष कुणाचा हे सांगता येत नाही. भेटी कमी असलेल्या साइटवर एका आठवड्याच्या चढउतारावरूनही निष्कर्ष काढू नका. वीसच्या जागी पंधरा चौकशा येणं हे काहीही न बदलता घडू शकतं. चार-चार आठवड्यांची तुलना करा.

थांबवलेल्या गोष्टींचा हा तक्ता महिन्यातून एकदा अर्धा तास बघायचा. सलग सहा महिने एखाद्या ओळीची खूण दिसलीच नाही, तर ती ओळ पुढे ढकलू नका, काढून टाका आणि ज्यांनी मागितली होती त्यांना तसं सांगा. पंपवाल्यांच्या तक्त्यातून सर्वांत आधी जाईल ती ओळ बहुधा ग्राहकांच्या लॉगिनची असेल. डीलरच्या वेगळ्या विभागाची ओळ मात्र टिकेल. तिची खूण साठ्याबद्दल डीलरकडून येणारे फोन ही असेल, आणि ते फोन वहीत आधीपासून वेगळ्या रंगाने लिहिलेले असले तर तो टप्पा कधी घ्यायचा यावर वाद होत नाही.